‘इथं ओल आहे’, पण कुठं?

नव्या इमारतीचे फ्लॅट ताब्यात देण्याआधी इंजिनीअर एकदा सगळीकडे फिरून बारीकसारीक दोष टिपतो. साइटवर याला ‘स्नॅगिंग’ म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या यादीला ‘स्नॅग लिस्ट’. पूर्वी हे काम वहीत व्हायचं. आता एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फरशी वाजवायची काठी, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू, अशी पद्धत बरीच रुळली आहे. लिहायला थांबावं लागत नाही, मान वर करून छत बघता बघता बोलता येतं, आणि दोन फ्लॅट दहा मिनिटांत उरकतात.

अडचण त्यानंतर सुरू होते. माणूस चालेल त्या क्रमाने बोलतो, त्यामुळे रेकॉर्डिंग वेळेच्या क्रमाने लागलेलं असतं. दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीला मात्र जागा हवी असते: कुठला फ्लॅट, कुठली खोली, कुठली भिंत, भिंतीवर नेमकं कुठे. बोलणाऱ्याला ती जागा समोर दिसत असते, म्हणून तो ती सांगतच नाही. ‘इथं’, ‘या कोपऱ्यात’, ‘मगाशी तिकडे’ एवढ्यावर त्याचं भागतं. ऑफिसात बसून यादी करणाऱ्याला ते ‘इथं’ शोधून काढावं लागतं. ते कसं शोधतात, हे एका नमुन्यावरून पाहू.

समजा, पुण्यातली एक निवासी इमारत आहे. बी विंग, सहावा मजला. लिफ्टच्या लॉबीच्या पूर्वेला ६०१ आणि पश्चिमेला ६०२. दोन्ही फ्लॅटचा आराखडा एकच, पण एक दुसऱ्याचा आरसा. जूनचे पहिले पाऊस होऊन गेले आहेत. पाहणी करणाऱ्या इंजिनीअरचं पावणेदहा मिनिटांचं रेकॉर्डिंग जसंच्या तसं उतरवलं, तर ते साधारण असं दिसेल. डावीकडचे आकडे रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासूनची मिनिटं आणि सेकंद आहेत.

०:०० – बी विंग, सहावा मजला. दहा वाजून पाच. ६०१ उघडलाय.

०:४० – हॉल. दारातून आत आल्यावर डाव्या हाताची भिंत, बीमच्या खाली आडवी चीर आहे. भिंतभर. केसाएवढीच. जाळी मारलेली नाही बहुतेक.

१:२५ – फरशी… (टक, टक) ही पोकळ. ही पण. बाल्कनीच्या दाराजवळच्या तीन… नाही, चार.

२:१० – बाल्कनी. पाणी साचतंय, जाळीच्या उलट्या टोकाला.

३:०५ – किचन. सिंकखालचा ट्रॅप गळतोय. खिडकी सरकत नाही नीट.

४:५० – मास्टरचं टॉयलेट. छताला ओल आहे, पाइपाच्या भोवती. वर सातशे एकचं येतं. ते बघावं लागेल.

५:३० – ६०२. हॉलमध्ये तेच, बीमखालची चीर.

६:२० – कॉमन टॉयलेटचा दरवाजा खाली घासतोय.

७:०० – अरे हां, मगाशी तिकडे किचनमध्ये सॉकेटची प्लेट सैल होती. डाव्या बाजूची.

७:४० – मास्टर बेडरूम. खिडकीखाली ओल. बाहेरून बघायला पाहिजे.

८:३० – जिना. रेलिंग हलतंय, मधल्या लँडिंगला.

९:०० – ६०१ बंद करतोय. आणि ते किचनच्या खिडकीचं सोडा, ट्रॅकमध्ये वाळू होती, काढली, सरकतेय आता.

वाचायला हे सरळ वाटतं. यादी करायला बसलं, की जवळजवळ प्रत्येक ओळीत एक गाठ सापडते.

पहिलं काम म्हणजे ऐकलेलं तसंच्या तसं उतरवणं. इथे सफाई करायचा मोह आवरावा लागतो. ‘तीन… नाही, चार’ याचं थेट ‘चार’ केलं, तर बोलणारा नेमका कुठे अडखळला हे कायमचं पुसलं जातं. उतरवताना प्रत्येक दोषाला तो बोलला गेला त्या क्रमाने नंबर द्यायचा आणि शेजारी वेळ लिहायची. वरच्या रेकॉर्डिंगमध्ये असे अकरा दोष आहेत: भिंतीची चीर १, पोकळ फरश्या २, बाल्कनीतलं पाणी ३, सिंकचा ट्रॅप ४, किचनची खिडकी ५, छताची ओल ६, ६०२ मधली चीर ७, घासणारा दरवाजा ८, सॉकेट ९, खिडकीखालची ओल १० आणि रेलिंग ११. पुढे यादी कशीही फिरवली तरी हे नंबर बदलायचे नाहीत. शेवटी अकराच्या अकरा सापडले पाहिजेत. एखादा मागे घेतला गेला असेल, एखादा दुसऱ्यात मिसळला असेल, पण हिशेबातून कुठलाच गळता कामा नये.

ऐकण्यातही काही सापळे आहेत. बांधकामाच्या गोंगाटात ‘बी विंग’ आणि ‘डी विंग’ सारखेच ऐकू येतात. ‘सहा’ आणि ‘दहा’, ‘सात’ आणि ‘साठ’ यांची गल्लत तर नेहमीची. मजल्यावर चारच फ्लॅट असतील, तर ‘सहाशे दहा’ असूच शकत नाही, हे नकाशावरून कळतं. दरवाजाखालची फट सात मिलिमीटर की साठ, हे अर्थावरून कळतं. जिथे नकाशा आणि अर्थ दोन्ही मदत करत नाहीत, तिथे आकडा लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकायचं. आपल्या अंदाजाने ठाम आकडा लिहिला, की तो पुढे कुणी तपासत नाही.

आता जागा. जागा लिहायची ती मोठ्याकडून लहानाकडे, आणि प्रत्येक नोंदीत त्याच क्रमाने: विंग, मजला, फ्लॅट, खोली, भाग, आणि त्या भागावरचं ठिकाण. भाग म्हणजे भिंत, छत, फरशी, दरवाजा, खिडकी. एक्सेलमध्ये यातल्या प्रत्येकाला वेगळा रकाना द्यायचा. सगळं एकाच रकान्यात कोंबलं तर यादी जागेप्रमाणे लावता येत नाही. फ्लॅट नंबर अक्षर म्हणून टाइप झाला असेल, तर तिथेही गंमत होते. क्रम लावल्यावर १००१ हा ६०१ च्या आधी येतो, कारण अक्षरांच्या हिशेबात १ हा ६ च्या आधी आहे. म्हणून मजल्याचा आकडा स्वतंत्र रकान्यात, आकडा म्हणूनच ठेवायचा.

भिंत ओळखायला ‘डावी’ आणि ‘उजवी’ हे शब्द कुचकामी आहेत. डावी-उजवी बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असते, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याचं तोंड कुठे होतं ते दिसत नाही. पहिल्या नोंदीत इंजिनीअरने नीट सांगितलं आहे, ‘दारातून आत आल्यावर डाव्या हाताची’. ६०१ लॉबीच्या पूर्वेला आहे, म्हणजे त्याचं दार पश्चिमेच्या भिंतीत. आत येणाऱ्याचं तोंड पूर्वेला, तेव्हा डावा हात उत्तरेला. यादीत ‘उत्तर भिंत’ असं लिहिलं, की मिस्त्री कुठल्याही दाराने आत आला तरी भिंत बदलत नाही.

याचा खरा उपयोग पाचव्या मिनिटानंतर कळतो. ६०२ मध्ये शिरल्यावर इंजिनीअर नुसतं ‘तेच’ म्हणतो. घाईत यादी करणारा ६०१ ची ओळ उचलून ६०२ ला चिकटवतो: हॉल, आत आल्यावर डावी भिंत, भिंतभर चीर. पण ६०२ हा आरसा आहे. तिथे दार पूर्वेच्या भिंतीत आहे, आत येणाऱ्याचं तोंड पश्चिमेला, आणि डावा हात दक्षिणेला. ६०१ च्या उत्तर भिंतीशी जुळणारी भिंत ६०२ मध्ये उजव्या हाताला येते. ‘डावी’ हा शब्द तसाच उचलला, तर मिस्त्री चांगली भिंत खरवडत बसतो आणि चीर तशीच राहते.

शिवाय ‘तेच’ म्हणजे किती? त्याच जातीची चीर, एवढं नक्की. तेवढीच लांब आहे का, तेवढीच बारीक आहे का, हे रेकॉर्डिंगमध्ये नाही. ‘बीमखालची’ या शब्दातही दोन अर्थ दडले आहेत: बीमच्या खालून सुरू होणाऱ्या भिंतीवरची, किंवा खुद्द बीमच्या खालच्या अंगावरची. ६०१ मध्ये ‘भिंत’ असं स्पष्ट म्हटलं आहे, ६०२ मध्ये नाही. हा फरक लहान नाही. काँक्रीटचा बीम आणि त्याखालची ब्लॉकची भिंत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात, म्हणून त्यांच्या सांध्यावर गिलाव्याला आडवी चीर जाते. तो सांधा झाकायला गिलाव्याआधी तारेची जाळी मारतात, आणि जाळी नसली की चीर हमखास दिसते. हे काम प्लास्टरच्या मिस्त्रीचं आहे. चीर बीमच्या काँक्रीटलाच असेल, तर प्लास्टर करणाऱ्याने तिला हात लावायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनीअरने बघायचं. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक, आयएस ४५६, सर्वसाधारण जागी चिरेची रुंदी ०.३ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतं, आणि सतत ओल लागणाऱ्या जागी त्याहून कमी. म्हणजे तिथे मोजमाप लागणार. ‘केसाएवढी’ या शब्दाचं यादीत आपल्या मनाने ०.१ किंवा ०.२ करायचं नाही. मोजलं नसेल तर ‘केसाएवढी, मोजलेली नाही’ हेच खरं वर्णन.

अशा ठिकाणी ऐकत बसण्यापेक्षा फोन करणं बरं. प्रश्न मात्र असा विचारायचा, की उत्तरात जागा यावी.

‘साहेब, ६०२ च्या हॉलमधली चीर बीमला आहे की भिंतीला?’

‘भिंतीला. बीम आणि ब्लॉकच्या सांध्यात.’

‘उत्तरेच्या भिंतीला ना? आणि ६०१ सारखी भिंतभर?’

‘उत्तरेच्याच. पण भिंतभर नाही रे, बाल्कनीकडच्या अर्ध्या भागातच आहे.’

‘सर, तशीच आहे ना ती?’ असं विचारलं असतं तर उत्तर ‘हो’ एवढंच आलं असतं, आणि चुकीची लांबी यादीत पक्की झाली असती.

काही प्रश्नांची उत्तरं मात्र रेकॉर्डिंगमध्येच असतात, फक्त ती शब्दांत नसतात. फरशीचं उदाहरण घ्या. ‘ही पोकळ. ही पण. बाल्कनीच्या दाराजवळच्या तीन… नाही, चार.’ पहिल्या दोन या चारात धरल्या आहेत का वेगळ्या? एकूण चार की सहा? हेडफोन लावून तो तुकडा पुन्हा ऐकला तर काठीचे ठोके मोजता येतात. खाली मसाला पूर्ण भरलेल्या फरशीचा ठोका बद्द आणि आखूड येतो, आणि खाली पोकळी असली की तो उघडा, घुमणारा येतो. घुमणारे ठोके चार निघाले आणि त्यातले पहिले दोन ‘ही’ आणि ‘ही पण’ च्या वेळचे असले, तर एकूण चारच. ठोके सहा असले तर सहा. ऐकून ठरत नसेल तर ‘किमान ४, फरशीवरच्या खडूच्या खुणा मोजून घ्याव्यात’ असं लिहायचं. खडूची खूण केली असेल, तर जागेवर गेलेल्या टाइल मिस्त्रीला आकड्याची फारशी गरजच उरत नाही.

सातव्या मिनिटाची नोंद सगळ्यांत फसवी आहे. ‘मगाशी तिकडे किचनमध्ये’ असं इंजिनीअर ६०२ मध्ये उभा राहून म्हणतो. वेळेच्या क्रमाने ओळी उचलत गेलं तर सॉकेट ६०२ च्या खाती पडतं. ‘तिकडे’ म्हणजे ६०१ असावा, असा अंदाज करता येतो, पण अंदाजाला पुरावा हवा. तो इथे फोटोत आहे.

रेकॉर्डिंग आणि फोटो एकाच मोबाइलवर घेतलेले असतील तर दोन्हींचं घड्याळ एकच असतं. बऱ्याच फोनमध्ये फोटोच्या फाइलच्या नावातच तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ असते. इंजिनीअरने सुरुवातीला ‘दहा वाजून पाच’ म्हटलं आहे, म्हणजे शून्य मिनिट १०:०५ ला. आता फोटोंमध्ये ही फाइल सापडली असं धरू:

```
IMG_20250614_100820.jpg
```

१४ जून २०२५, दहा वाजून आठ मिनिटं वीस सेकंद. रेकॉर्डिंगमध्ये हा क्षण साधारण ३:२० ला येतो. तेव्हा तो ६०१ च्या किचनमध्ये होता, सिंकबद्दल बोलून नुकताच थांबला होता. फोटोत सैल प्लेट आणि तिच्या शेजारी सिंक दिसतं. म्हणजे सॉकेट ६०१ चं हे ठरलं, आणि ‘डाव्या बाजूची’ म्हणजे ओट्याकडे तोंड केल्यावर सिंकच्या डावीकडची, हेही ठरलं. फोटो काढला, बोलायचं राहिलं, आणि सुमारे पावणेचार मिनिटांनी आठवलं, एवढाच तो प्रकार.

या जुळवणीत तीन गोष्टी दगा देतात. एक, सुरुवातीची वेळ बोलून सांगितलेली नसली, तर लोक रेकॉर्डिंगच्या फाइलवरची वेळ घेतात. ती बऱ्याचदा फाइल जतन झाल्याची, म्हणजे शेवटची असते. तिच्यातून रेकॉर्डिंगची लांबी वजा करावी लागते. दोन, मध्ये फोन आला म्हणून रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा चालू केलं, तर तिथून पुढचा सगळा हिशेब सरकतो. तीन, फोटो व्हॉट्सॲपवरून मागवले, तर फाइलचं नाव बदलून त्यात फक्त तारीख आणि अनुक्रमांक उरतो, आणि फोटोच्या आत साठवलेली वेळही निघून जाते. म्हणून फोटो मूळ फाइल म्हणून, ड्राइव्हवर किंवा केबलने घ्यायचे.

आता अशा दोषांकडे येऊ, ज्यांना एक जागा पुरत नाही. ६०१ च्या मास्टर टॉयलेटच्या छताला पाइपाभोवती ओल आहे. ती दिसते ६०१ मध्ये, पण पाणी येतंय वरून, बहुधा ७०१ च्या टॉयलेटमधून. पाइप जिथे स्लॅबमधून खाली उतरतो, तिथलं वॉटरप्रूफिंग नीट बसलं नसेल, तर पाणी नेमकं त्या कडेने झिरपतं. ही नोंद नुसती ६०१ खाली ठेवली, तर रंगारी येऊन छत रंगवून जातो, आणि पुढच्या महिन्यात डाग पुन्हा वर येतो. नुसती ७०१ खाली ठेवली, तर ६०१ च्या मालकाला आपल्या छताची नोंदच यादीत सापडत नाही.

यावर उपाय म्हणजे दोन रकाने: ‘कुठे दिसलं’ आणि ‘काम कुठे’. पहिला रकाना डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा, आणि त्यात शंकेला जागा नाही. दुसरा निष्कर्षाचा, आणि तिथे खात्री किती आहे हे लिहायचं. इंजिनीअर ७०१ मध्ये गेलेला नाही. ‘ते बघावं लागेल’ असंच तो म्हणाला आहे. म्हणून यादीत ‘७०१ गळतंय’ असं लिहिता येत नाही. ‘७०१ चं मास्टर टॉयलेट तपासणे, पाणी भरून ठेवून’ असं लिहायचं. निचरा बंद करून फरशीवर पाणी साठवतात, २४ ते ४८ तास तसंच ठेवतात आणि खालचं छत बघतात. ओल वाढली तर दोष सापडला. वाढली नाही, तर वापराच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपाचे सांधे तपासायचे. पाहणाऱ्याचं निरीक्षण आणि त्याचा तर्क एकाच वाक्यात येतात, कारण बोलताना कुणी ते वेगळे करत नाही. यादी करणाऱ्याने ते वेगळे करायचे. ‘जाळी मारलेली नाही बहुतेक’ हाही असाच तर्क आहे. गिलाव्याच्या आत बघितल्याशिवाय जाळी आहे की नाही ते कळत नाही.

६०२ च्या बेडरूममधली खिडकीखालची ओल याच जातीची. मास्टर बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे, आणि पुण्यात पावसाळ्यातला वारा पाऊस घेऊन येतो तोही साधारण त्याच बाजूने. चौकट आणि भिंतीमधली फट सीलंटने भरलेली नसेल, किंवा बाहेरच्या सिलचा उतार आतल्या बाजूला असेल, तर पाणी खिडकीखालून आत येतं. दिसतं आत, काम बाहेर, सहाव्या मजल्याच्या उंचीवर. तिथे दोरावरचा माणूस किंवा झुला लागतो. ‘काम कुठे’ या रकान्यात ‘बाहेरून, पश्चिम बाजू’ असं लिहिलं, की पश्चिमेच्या सगळ्या मजल्यांवरची अशी कामं एकत्र निघतात आणि झुला एकदाच लावावा लागतो.

बाकीच्या नोंदी सोप्या आहेत. ६०१ ची बाल्कनी पूर्वेला आहे. नकाशात पाण्याची जाळी दक्षिण टोकाला आहे, म्हणजे पाणी साचतं ते उत्तर टोकाला आणि फरशीचा उतार तिथे चुकला आहे. जिन्याचं मधलं लँडिंग दोन मजल्यांच्या मध्ये असतं, आणि रेकॉर्डिंगवरून ते सहाव्याच्या वरचं की खालचं हे ठरत नाही, म्हणून तेही फोनवर विचारून घ्यायचं. इथे ते वरचं निघालं असं धरू. अशी लँडिंग कुठल्या मजल्यात धरायची, याचा एक नियम यादीच्या सुरुवातीलाच लिहून ठेवायचा, बहुतेक वेळा खालच्या मजल्यात. किचनच्या खिडकीची तक्रार इंजिनीअरने नवव्या मिनिटाला मागे घेतली. तरी ती ओळ खोडायची नाही. ‘जागेवर सुटलं’ असा शेरा मारून ठेवायची. उद्या कुणी रेकॉर्डिंग ऐकून ‘खिडकी यादीत का नाही?’ विचारलं, तर उत्तर तयार असतं.

हे सगळं जागेप्रमाणे लावलं, की यादी अशी होते. पहिल्या रकान्यातले नंबर बोलण्याच्या क्रमाचे आहेत, म्हणून इथे ते पुढे-मागे दिसतात.

| क्र. | कुठे दिसलं (बी विंग, मजला ६) | काय दिसलं | काम कुठे, कुणाचं | वेळ |
|---|---|---|---|---|
| १ | ६०१, हॉल, उत्तर भिंत, बीमच्या सांध्यात | आडवी चीर, भिंतभर, केसाएवढी, मोजलेली नाही | तिथेच, प्लास्टर | ०:४० |
| २ | ६०१, हॉल, फरशी, बाल्कनीच्या दाराजवळ | पोकळ फरश्या, किमान ४, खुणा मोजणे | तिथेच, टाइल | १:२५ |
| ३ | ६०१, बाल्कनी, फरशी, उत्तर टोक | पाणी साचतं | तिथेच, टाइल, उतार तपासणे | २:१० |
| ४ | ६०१, किचन, सिंकखाली | ट्रॅप गळतो | तिथेच, प्लंबर | ३:०५ |
| ९ | ६०१, किचन, ओट्याची भिंत, सिंकच्या डावीकडे | सॉकेटची प्लेट सैल | तिथेच, इलेक्ट्रिशियन | ७:००, फोटो ३:२० |
| ५ | ६०१, किचन, खिडकी | सरकत नव्हती, ट्रॅकमध्ये वाळू | जागेवर सुटलं | ३:०५, ९:०० |
| ६ | ६०१, मास्टर टॉयलेट, छत, पाइपाभोवती | ओल | ७०१ चं मास्टर टॉयलेट तपासणे, वॉटरप्रूफिंग | ४:५० |
| ७ | ६०२, हॉल, उत्तर भिंत, बाल्कनीकडचा अर्धा भाग, बीमच्या सांध्यात | आडवी चीर, रुंदी सांगितलेली नाही (फोनवर खात्री) | तिथेच, प्लास्टर | ५:३० |
| ८ | ६०२, कॉमन टॉयलेट, दरवाजा | खाली घासतो | तिथेच, सुतार | ६:२० |
| १० | ६०२, मास्टर बेडरूम, पश्चिम भिंत, खिडकीखाली | ओल | बाहेरून पश्चिम बाजू तपासणे, सीलंट आणि सिल | ७:४० |
| ११ | जिना, मजला ६ च्या वरचं मधलं लँडिंग | रेलिंग हलतं | तिथेच, फॅब्रिकेटर | ८:३० |

अकरा नंबर, अकरा ओळी, हिशेब जुळला. दहा कामं बाकी, एक बंद. ठेकेदाराला हीच यादी कारागिरांप्रमाणे हवी असते, म्हणजे प्लंबरला एकदाच बोलावून सगळ्या मजल्यांची त्याची कामं उरकता येतील. ‘काम कुणाचं’ हा रकाना प्रत्यक्ष फाइलमध्ये वेगळा ठेवला असेल, तर एका क्लिकवर तीही निघते. जागेची यादी फ्लॅटमालकाकडे आणि सोसायटीकडे जाते. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष निदर्शनाला आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. तेव्हा ताब्याच्या वेळी कुठल्या फ्लॅटच्या कुठल्या भिंतीला काय होतं, याची नोंद दोन्ही बाजूंना पुढे कामाला येते.

पण यादी जागेप्रमाणे लावण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हा, की जे बोललंच गेलं नाही ते त्यात दिसायला लागतं. रेकॉर्डिंग ऐकताना पाहणी भरगच्च वाटते, कारण माणूस सतत काहीतरी सांगतो आहे. वरच्या यादीतल्या खोल्या नकाशाशी ताडून पाहा. ६०१ मध्ये मास्टर बेडरूम नाही, दुसरी बेडरूम नाही, कॉमन टॉयलेट नाही. ६०२ मध्ये किचन नाही, बाल्कनी नाही, दुसरी बेडरूम नाही, मास्टरचं टॉयलेट नाही. या खोल्यांत दोष नव्हता, की इंजिनीअर तिथे गेलाच नाही? रेकॉर्डिंगवरून याचं उत्तर मिळत नाही. ६०१ च्या बाल्कनीचा उतार चुकला असेल, तर त्याच टाइल मिस्त्रीने केलेल्या ६०२ च्या बाल्कनीबद्दल गप्प राहणं परवडणारं नाही. ६०१ च्या टॉयलेटचं छत ओलं असेल, तर ६०२ चंही बघितलंच पाहिजे.

म्हणून यादीच्या शेवटी एक छोटा भाग जोडायचा: फ्लॅटच्या प्रत्येक खोलीचं नाव आणि तिच्यापुढे तीनपैकी एक शेरा, ‘दोष आहे’, ‘पाहिलं, दोष नाही’ किंवा ‘नोंद नाही’. ‘नोंद नाही’ अशा सात खोल्या निघाल्या, तर त्या घेऊन इंजिनीअरला परत पाठवायचं. पुढच्या वेळी त्याने फक्त दोन सवयी पाळल्या तरी पुरे. खोलीत पाय टाकताना फ्लॅट नंबर आणि खोलीचं नाव घ्यायचं. आणि बाहेर पडताना, काही सापडलं नसेल तरी, ‘६०२ किचन, काही नाही’ असं म्हणायचं.